पाय हलू लागले, की रक्तदाबाकडे लक्ष ठेवा

मैत्रिणींनो, आजचा विषय नेहमीच्या सर्दी-खोकल्यासारखा नाही. झाडावरून, गच्चीवरून, विहिरीत किंवा दुचाकीवरून पडून मानेला मार लागलेला आणि हातपाय लुळे पडलेला माणूस ज्या घरात आहे, त्या घरच्या बाईला हे ठाऊक असायलाच हवं. अशा माणसाची रात्रंदिवस उस्तवार करायचं काम बहुतेक घरांत बायकोवर नाहीतर आईवर येतं. इस्पितळातून घरी पाठवताना अंघोळ कशी घालायची, कूस कधी बदलायची, लघवीची नळी कशी सांभाळायची हे पुष्कळदा सांगतात. पण एक गोष्ट राहून जाते किंवा घाईत सांगितली जाते. ती म्हणजे रक्तदाबाची अचानक उसळी. ही उसळी काही मिनिटांत येते, आणि तिच्यावरचे पहिले उपाय घरातल्या माणसालाच करावे लागतात.

आधी थोडं मागे जाऊ या. पाठीच्या कण्यातून जी जाड दोरीसारखी नस मेंदूपासून खाली जाते तिला मज्जारज्जू म्हणतात. मेंदूचे हुकूम तिच्यातून खाली जातात आणि अंगाची खबर तिच्यातूनच वर येते. मानेचा मणका मोडून ही दोरी चेंगरली, की त्या जागेखालचं अंग एकदम निपचित पडतं. नुसती हालचालच जाते असं नाही. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही, मूत्राशय भरलं तरी आपणहून आवळत नाही, सगळं सैल पडतं. याला डॉक्टर ‘स्पायनल शॉक’ म्हणतात. शॉक म्हणजे मनाला बसलेला धक्का नव्हे, दुखावलेल्या जागेखालच्या मज्जारज्जूचं काम तात्पुरतं थांबणं. ही अवस्था काही दिवस ते काही आठवडे टिकते, कधी त्याहूनही जास्त. मार मानेला असेल तर याच सुरुवातीच्या दिवसांत रक्तदाब वाढायच्या ऐवजी खाली असतो आणि नाडी मंद चालते.

मग एके दिवशी पाय हलतो. चादर ओढताना मांडी उडते, पाय पुसताना पोटरीत गोळा येऊन पाय झटकन आखडतो. घरात आनंदीआनंद होतो. कुणी नारळ फोडतं, कुणी ‘नस जागी झाली’ म्हणून शेजारी सांगून येतं. बायांनो, कुणाच्या आनंदावर पाणी ओतायची मला हौस नाही, पण हे स्पष्ट सांगायला हवं. आपोआप उडणारा पाय म्हणजे मेंदूच्या हुकमाने हललेला पाय नव्हे. ‘अंगठा हलव बरं’ म्हटल्यावर अंगठा हलला, तर ती गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांना लगेच दाखवा. नुसते झटके येत असतील तर त्याचा अर्थ एवढाच, की स्पायनल शॉक ओसरतो आहे आणि खालचा मज्जारज्जू स्वतःच्या जोरावर कामाला लागला आहे. वरून लगाम मात्र नाही. आणि रक्तदाबाच्या उसळ्यांचा धोका साधारण याच वेळेपासून सुरू होतो. बहुतेकांना पहिली उसळी अपघातानंतरच्या पहिल्या वर्षाच्या आत येते.

या उसळीचं वैद्यकीय नाव ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’. नाव अवघड आहे, पण एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. इंग्लंडात स्टोक मॅन्डेव्हिलच्या इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन अशा रुग्णांवर उपचार करत. त्यांनी आणि व्हिटरिज यांनी १९४७ साली दाखवून दिलं, की अशा रुग्णाचं मूत्राशय ताणलं गेलं की रक्तदाब भराभर चढतो. म्हणजे ही माहिती काही कालपरवाची नाही. तरीही आज कित्येक घरांत ती पोचलेली नसते.

हे होतं कसं, ते समजलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. गच्चीवरची टाकी आणि खालची मोटर डोळ्यांपुढे आणा. टाकी भरली की वरून कळ दाबून मोटर बंद करायची, अशी सोय आहे. मधली वायर तुटली. आता खाली कुणीतरी मोटर सुरू केली तर वरच्याला पाणी वाहताना दिसतं, तो कळ दाबतो, पण मोटर थांबत नाही. आपल्या रुग्णाच्या बाबतीत मूत्राशय तुडुंब भरलं, की त्याची खबर खालच्या मज्जारज्जूत पोचते आणि तिथूनच पोटातल्या न् पायांतल्या रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूम सुटतो. पोटात रक्ताचा साठा मोठा असतो, त्यामुळे रक्तदाब झपाट्याने चढतो. मेंदूला ते कळतं. तो हृदयाला सावकाश चालायला सांगतो, कारण हृदयाकडे जाणारी ती नस मज्जारज्जूतून जात नाही. पण ‘खालच्या रक्तवाहिन्या सैल सोडा’ हा हुकूम तुटलेल्या जागेपाशीच अडतो. म्हणून दुखापतीच्या वरचं अंग लाल आणि घामाघूम, तर खालचं फिकट, गार, काटा आलेलं, असं चमत्कारिक चित्र दिसतं.

हा धोका सगळ्यांनाच सारखा नसतो. मानेचा किंवा पाठीच्या वरच्या भागाचा, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्यापर्यंतचा मार असेल तरच बहुधा तो असतो. कंबरेत मार लागून पाय गेलेल्यांना सहसा नसतो. तुमच्या माणसाचा मार कुठल्या मणक्याला आहे हे कागदपत्रांत लिहिलेलं असतं. नसेल कळत तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यांना ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो का?’

आता एका घरची हकीकत सांगते. घर कोकणातलं, आमच्या ओळखीचं. भाऊजी मे महिन्यात आंबे उतरवताना झाडावरून पडले आणि मानेचा सहावा मणका गेला. तीन आठवडे अंग अगदी लुळं होतं. जुलैत पाय उडू लागले, ऑगस्टमध्ये ते घरी आले. लघवीची नळी कायमची घातलेली, मांडीला पट्ट्याने बांधलेली पिशवी. वहिनींनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. दंडाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र आणून, भाऊजी बरे असताना, खुर्चीत बसवून आठवडाभर रोज रक्तदाब मोजला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. तो ९६ च्या आसपास असे, खालचा ६०. मानेला मार लागलेल्या माणसाचा रक्तदाब असा कमीच असतो, वरचा आकडा ९० ते ११०. त्यामुळे तुमच्या-माझ्यासाठी जो १३० आकडा काही फार नव्हे, तो अशा माणसासाठी इशारा असतो. त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० ने वर गेला, की उसळी सुरू झाली असं धरायचं. नेहमीचा आकडाच ठाऊक नसेल तर हे कळणार कसं? म्हणून हे मोजमाप आधीच हवं.

सप्टेंबरातल्या एका दुपारी जेवणानंतर भाऊजी म्हणाले, डोक्यात घण घातल्यासारखं होतंय. चेहरा आणि मान लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब, नाक एकाएकी चोंदलेलं, डोळ्यांपुढे अंधुक. पाय मात्र गार आणि हाताच्या खालच्या भागावर काटा. सासूबाई म्हणाल्या, पित्त झालंय, आडवं करा, पायांखाली उशी द्या, कपाळाला बाम चोळा. मैत्रिणींनो, नेमकं हेच करायचं नाही. चक्कर आलेल्याला आडवं करायची आपल्याला सवय असते, पण इथे आडवं केलं की डोक्याकडचा दाब आणखी वाढतो. वहिनींनी उलट केलं. पाठीशी तक्क्या-उशा रचून त्यांना ताठ बसवलं आणि पाय पलंगाखाली लोंबते सोडले. तसं केलं की थोडं रक्त पायांत उतरतं आणि दाब जरा कमी होतो. मग पायजम्याची नाडी, पोटाचा पट्टा, मोजे, मांडीवरचा पिशवीचा पट्टा असं जे जे आवळतं ते सगळं सैल केलं. एवढं होईस्तोवर मुलाने यंत्र लावलं होतं. आकडा १७८ वर १०४.

यानंतर कारण शोधायचं. कारण सापडून ते दूर केल्याशिवाय उसळी उतरत नाही, हे मनात पक्कं हवं. आणि शोध नेहमी लघवीपासून सुरू करायचा, कारण सगळ्यात जास्त वेळा तिथेच अडलेलं असतं. वहिनींनी पिशवी पाहिली, सकाळी अकरापासून जेमतेम चमचाभर लघवी. नळीवरून बोटं फिरवत वर गेल्या तर मांडीखाली नळी दुमडून चेपलेली. कूस बदलताना ती तिथे अडकली होती. नळी सरळ केल्यावर लघवी भसाभसा वाहू लागली, जवळजवळ ७०० मिलिलिटर. पाच मिनिटांनी आकडा १४६, दहा मिनिटांनी ११८, आणि अर्ध्या तासात नेहमीचा. डोकेदुखी दाबाबरोबरच उतरली. वहिनींनी त्यानंतर दोन तास दर पंधरा मिनिटांनी मोजणं सोडलं नाही, कारण उसळी फिरून येऊ शकते. उसळी चालू असताना मात्र दर दोन ते पाच मिनिटांनी मोजायला हवं.

नळी दुमडलेली नसेल आणि तरी लघवी येत नसेल, तर आत गाळ अडकलेला असतो. तेव्हा ज्यांना नळी धुवायला शिकवलं आहे त्यांनी अंगाच्या उष्णतेइतकं कोमट केलेलं निर्जंतुक सलाइन १० ते १५ मिलिलिटर, त्याहून जास्त नाही, अगदी हळू सोडावं. तेवढं आत गेलं आणि बाहेर काही आलं नाही, तर पुन्हा पुन्हा घालू नये. मूत्राशय आणखी ताणलं जाईल. अशा वेळी नळी बदलावी लागते. ज्यांची नळी कायमची नाही, जे दर चार-सहा तासांनी नळी घालून लघवी काढतात, त्यांनी ती लगेच घालावी. दोन्ही बाबतींत आधी बधिर करणारी लिग्नोकेन जेली आत सोडून दोन मिनिटं थांबायचं. ही दोन मिनिटं फार लांब वाटतात, पण तसंच घाईने घातलं तर नळी घालण्यानेच उसळी वाढते. ओटीपोट दाबून किंवा थापट्या मारून लघवी काढायला जाऊ नका, त्यानेही दाब भडकतो.

त्याच घरात नोव्हेंबरात दुसऱ्यांदा असं झालं. बसवलं, कपडे सैल केले, लघवीही नीट वाहत होती, पण आकडा १६४ वरून हलेना. म्हणजे आता संशय शौचाचा. तीन दिवस पोट साफ झालेलं नव्हतं, गुदाशी कडक शौच अडकलं होतं. पण इथे आणखी एक पायरी मध्ये येते. वरचा आकडा १५० च्या वर असेल आणि कारण हाती लागत नसेल किंवा ते आतच शोधायचं असेल, तर आधी डॉक्टरांनी अशा प्रसंगासाठी लिहून दिलेली, लगेच परिणाम करणारी गोळी द्यायची. गोळी कोणती, किती आणि जिभेखाली की चावून, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. आजोबांची रक्तदाबाची गोळी उचलून देऊ नका. ती तासातासाने परिणाम करणारी असते. वहिनींनी लिहून दिलेली गोळी दिली आणि ११२ चा पट्टा नव्हे, १५० च्या खालचा आकडा यायची वाट पाहिली. मग बोटमोजा घालून जेली भरपूर लावली, काही मिनिटं थांबल्या आणि मऊ हाताने शौच मोकळं केलं. अधेमध्ये आकडा मोजत राहिल्या. तो चढू लागला असता तर हात तिथेच थांबवायचा होता.

गोळीबद्दल दोन सूचना, आणि यांत लाजायचं काही नाही. काही डॉक्टर नायट्रेट जातीचं औषध देतात, छातीत दुखताना देतात ते. पुरुषांनी संबंधासाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलची गोळी घेतली असेल तर त्यावर नायट्रेट देणं जिवावर बेतू शकतं, रक्तदाब एकदम कोसळतो. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर निदान ४८ तास नायट्रेट नको. नवराबायकोतली बाब म्हणून डॉक्टरांपासून हे लपवू नका. दुसरी सूचना, कारण दूर झाल्यावर गोळीचा असर राहिला तर दाब नेहमीपेक्षा खाली जाऊ शकतो. माणूस पांढरा पडला, आकडा त्याच्या नेहमीच्या खाली घसरला आणि डोकेदुखी थांबली असेल, तेव्हा मात्र आडवं करून पाय वर करायचे. म्हणजे सासूबाईंचा उपाय या वेळी बरोबर ठरतो, मघाशी चुकीचा होता.

लघवी आणि शौच दोन्ही ठीक असतील तर अंग डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं. स्पर्शच कळत नसल्याने माणूस स्वतः सांगू शकत नाही. चादरीची चुणी, खुर्चीत राहिलेलं पेन, घट्ट बूट, माकडहाडावरचं दाबव्रण, मांसात रुतलेलं पायाच्या अंगठ्याचं नख, पाय मुरगळून आत हाड मोडलेलं, किंवा गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेलं, यांतलं काहीही चालतं. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मुतखडा यांनीही होतं. बायकांच्या बाबतीत पाळीच्या पोटदुखीनेही होतं, आणि मानेला मार लागलेली बाई गरोदर असेल तर कळांनी होतं. तिला कळा जाणवत नाहीत, पण डोकं ठणकतं आणि रक्तदाब चढतो. गरोदरपणात रक्तदाब वाढला की वाटतं ते वेगळंच दुखणं असेल, म्हणून सुईणीला किंवा डॉक्टरांना तिच्या मज्जारज्जूच्या दुखापतीची आठवण देणं तिच्या घरच्यांचं काम आहे. बाळंतपण अशा इस्पितळात ठरवावं, जिथे भूलतज्ज्ञ आधीपासून सामील होतील, कारण पाठीतून दिलेली भूल कळांची ही उसळी आवरायला उपयोगी पडते.

कारण सापडलं नाही, किंवा सापडूनही आकडा १५० च्या खाली येत नाही, किंवा माणूस गोंधळून बोलू लागला, आकडी आली, छातीत दुखू लागलं, एका डोळ्याची दृष्टी गेली, तर घरात थांबायचं नाही. १०८ ला फोन करा आणि नेतानाही ताठ बसवूनच न्या. मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. स्ट्रेचरवर झोपवायची घाई झाली तर अडवा आणि कारण सांगा. आणि खरं सांगायचं तर तातडीच्या विभागातले सगळेच डॉक्टर रोज असा रुग्ण पाहत नाहीत. १४० आकडा पाहून ‘हा काही फार नाही’ असं एखादा तरुण डॉक्टर सहज म्हणून जाईल. तेव्हा उलट बोलू नका, पण चिठ्ठी पुढे करा. तिच्यावर लिहिलेलं असू द्या, रुग्णाचं नाव, कोणत्या मणक्याची दुखापत, बरा असतानाचा रक्तदाब, ‘यांना ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होतो, बसवून ठेवा, लघवी आणि शौच तपासा’, ठरवलेली गोळी, अॅलर्जी, आणि ज्या तज्ज्ञाकडे दाखवता त्यांचा फोन. वहिनींनी अशा तीन चिठ्ठ्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवल्या आहेत. एक चाकाच्या खुर्चीच्या पिशवीत, एक भाऊजींच्या खिशात आणि एक स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर, जिथे शेजारची मुलगीसुद्धा ती पाहू शकेल.

यंत्र, जेलीची नळी, हातमोजे, एक जादा लघवीची नळी, सलाइन, गोळ्या, हे सगळं एका डब्यात ठेवा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुदत पाहा. वहिनींच्या डब्यातली जेली डिसेंबरात संपली होती, आणि पुढच्याच आठवड्यात लागली असती.